दहा हजारांची रेघ आणि तासाभरानंतरचा आकडा

प्लेटलेट वीस हजारांखाली गेल्या की पिशवी लावायची, हा नियम डॉक्टरांच्या एका अख्ख्या पिढीने पाठ केला. तो घालून दिला कोणी, हे शोधू गेले तर असा माणूस सापडत नाही. १९६२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील गेडॉस, फ्रायराइख आणि मँटेल या तिघांनी तीव्र रक्तकर्करोगाच्या रुग्णांच्या रोजच्या नोंदी तपासल्या. प्लेटलेटची संख्या किती होती आणि त्या दिवशी रक्तस्राव झाला का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. संख्या उतरत गेली तसे रक्तस्रावाचे दिवस वाढत गेले. पण ते हळूहळू वाढले, आलेखात कुठेही पायरी दिसली नाही. अमुक आकड्याच्या वर सुरक्षित आणि खाली धोका, अशी सीमा आपल्याला आढळली नाही, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले. वीस हजारांच्या वर मोठा रक्तस्राव क्वचितच दिसला, एवढे मात्र त्या आलेखातून वाचता येत होते. वाचणाऱ्यांनी तेवढेच उचलले.

आणखी एक गोष्ट तेव्हा कोणाच्या ध्यानात येण्यासारखी नव्हती. त्या काळी ताप उतरवायला सर्रास ॲस्पिरिन दिली जाई. ॲस्पिरिन प्लेटलेटचे काम मंदावते हे पुढे काही वर्षांनी कळले. म्हणजे ज्या रुग्णांच्या रक्तस्रावावरून वीस हजारांची रेघ ओढली गेली, त्यांच्यातील काहींच्या प्लेटलेट संख्येने कमी होत्या आणि उरलेल्याही धड नव्हत्या.

हे पुस्तक रक्तपेढीत, रक्तविकारांच्या वॉर्डात आणि अतिदक्षता विभागात काम करणाऱ्यांसाठी आहे. रुग्णाच्या नातेवाइकांनाही ते वाचता यावे असा प्रयत्न आहे, कारण रात्री अकरा वाजता दाता शोधत फिरतात तेच. पिशवीबाबत तीन प्रश्न असतात: ती कधी लावायची, रक्तस्राव होण्याआधी की झाल्यावर, आणि लावूनही आकडा हलला नाही तर काय. पहिल्या दोन प्रश्नांवर गेल्या तीस-पस्तीस वर्षांत बरेच काम झाले आहे. तिसरा प्रश्न वॉर्डात अजून नीट विचारलाच जात नाही, म्हणून या प्रस्तावनेत त्याला जास्त जागा देणार आहे.

आधी रेघेविषयी. प्लेटलेट जखम झाल्यावरच कामाला येतात असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्या रोज रक्तवाहिन्यांच्या भिंतीची डागडुजी करत असतात, आणि या कामाला लागणारा माल थोडा असला तरी ठरलेला असतो. सिएटलच्या शेरिल स्लिक्टर यांनी १९७०-८०च्या दशकांत हे मोजून दाखवले. अस्थिमज्जा निकामी झालेल्या रुग्णांच्या तांबड्या पेशींना किरणोत्सर्गी खूण करून त्यांनी शौचावाटे रोज किती रक्त जाते ते पाहिले. प्लेटलेट दहा हजारांच्या आसपास असतानाही ही गळती फारशी वाढत नव्हती. पाच हजारांखाली मात्र ती एकदम वाढली. भिंतीच्या डागडुजीला दिवसाला दर मायक्रोलिटर रक्तामागे साधारण सात हजार प्लेटलेट खर्च होतात, असा हिशेब पुढे मांडला गेला. निरोगी माणसात दीड ते साडेचार लाख असतात. शरीराने ठेवलेला साठा गरजेच्या किती पट आहे हे यावरून कळते.

मग १९९७ साली इटलीतील रेबुल्ला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरळ तुलना केली. तीव्र मायलॉइड रक्तकर्करोगाच्या २५५ रुग्णांपैकी निम्म्यांना वीस हजारांखाली आणि निम्म्यांना दहा हजारांखाली पिशवी द्यायची, असे ठरले. दुसऱ्या गटात ताप, रक्तस्राव किंवा शस्त्रक्रिया असेल तर अपवाद करायचा होता. मोठ्या रक्तस्रावात दोन्ही गटांत लक्षणीय फरक पडला नाही, आणि दहा हजारांच्या गटात प्लेटलेटचा वापर पाचव्या भागाहून थोडा जास्तच कमी झाला. केमोथेरपीमुळे किंवा मज्जारोपणामुळे प्लेटलेट उतरलेल्या, पण स्थिर असलेल्या रुग्णासाठी दहा हजार ही रेघ तेव्हापासून जगभर चालते.

रेघ आणखी खाली नेता येईल का, किंवा पुसूनच टाकता येईल का? ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात ६०० रुग्णांवर झालेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘टॉप्स’ चाचणीत एका गटाला रक्तस्राव होण्याची वाट पाहून मगच प्लेटलेट दिल्या गेल्या. दखल घ्यावी असा रक्तस्राव त्या गटात ५० टक्के रुग्णांना झाला, तर प्रतिबंधक प्लेटलेट मिळालेल्यांत ४३ टक्क्यांना. प्रतिबंधाचा फायदा आहे, हे यातून ठरले. पण ४३ हा आकडाही डोळ्यांआड करू नये, कारण वेळेवर पिशवी मिळूनही इतक्यांना रक्तस्राव झालाच. स्वतःच्याच मूलपेशींचे रोपण झालेल्या रुग्णांत दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. त्याच सुमारास जर्मनीत झालेल्या चाचणीत मात्र तीव्र रक्तकर्करोगाच्या रुग्णांना वाट पाहायला लावल्यावर मेंदूतील रक्तस्राव वाढल्याचे दिसले. म्हणजे निर्णय आकड्याइतकाच आजारावरही ठरतो.

पिशवी मोठी दिली तर संरक्षण वाढते का, हा प्रश्न स्लिक्टर यांच्याच गटाने २०१० साली निकालात काढला. नेहमीची मात्रा, तिच्या निम्मी आणि तिच्या दुप्पट, अशा तीन मात्रा त्यांनी वापरल्या. रक्तस्राव तिन्ही गटांत सत्तर टक्क्यांच्या आसपासच राहिला. निम्मी मात्रा घेणाऱ्यांना पिशव्या जास्त वेळा लागल्या, इतकेच. आकडा पन्नास हजारांवर गेलेला पाहून डॉक्टरांना आणि नातेवाइकांना जो दिलासा मिळतो, तो रुग्णाच्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोचतोच असे नाही.

जास्त प्लेटलेट म्हणजे निदान अपाय तरी नाही, ही समजूतही २०१९ साली मोडली. वेळेआधी जन्मलेल्या ६६० बाळांपैकी काहींना पन्नास हजारांखाली आणि काहींना पंचवीस हजारांखाली प्लेटलेट देण्यात आल्या. मृत्यू किंवा मोठा रक्तस्राव उदार गटात २६ टक्के होता, आखडत्या हाताने दिलेल्या गटात १९ टक्के. त्याआधी २०१६ साली, ॲस्पिरिनसारखी औषधे घेत असताना मेंदूत रक्तस्राव झालेल्या मोठ्या माणसांना प्लेटलेट देऊन पाहिल्या, तर त्यांची अवस्था न दिलेल्यांपेक्षा वाईट झाली. त्यांच्या प्लेटलेटची संख्या कमी नव्हतीच. रक्तस्राव दिसतो आहे एवढे कारण पिशवीला पुरत नाही. प्लेटलेटची उणीव हे त्याचे कारण आहे का, हे आधी विचारावे लागते. उणिवेमुळे मोठा रक्तस्राव सुरू असेल, तर मात्र दहा हजारांची रेघ विसरून संख्या पन्नास हजारांवर, आणि डोक्यात रक्तस्राव असेल तर एक लाखाच्या आसपास ठेवायचा प्रयत्न करतात. बहुतेक मोठ्या शस्त्रक्रियांसाठीही पन्नास हजारच धरतात.

महाराष्ट्रात या विषयाची सामान्य माणसाशी गाठ पडते ती डेंगीत. पावसाळा सरता सरता ‘एसडीपी तातडीने हवी’ असे निरोप मोबाइलवर फिरू लागतात. सिंगापूर आणि मलेशियात ३७२ प्रौढ डेंगीरुग्णांवर झालेली चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यांच्या प्लेटलेट वीस हजार किंवा त्याहून कमी होत्या, पण रक्तस्राव सुरू नव्हता. प्लेटलेट दिल्याने रक्तस्राव टळला नाही, आणि पित्त उठणे, श्वासाचा त्रास असे दुष्परिणाम मात्र वाढले. डेंगीत मज्जा काही दिवस मंदावते आणि रक्तातील प्लेटलेटही नष्ट होत राहतात. बाहेरून आलेल्या प्लेटलेट त्याच वाटेने जातात. आठवड्याभरात आकडा आपोआप चढू लागतो आणि श्रेय शेवटच्या पिशवीला मिळते. (पपईच्या पानांच्या रसालाही याच हिशेबाने मिळते.) डेंगीत जीव जातो तो बहुधा रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपून रक्तदाब कोसळल्यामुळे. त्यासाठी पाहायचे असते हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्त किती दाट झाले आहे ते. आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही रक्तस्राव नसलेल्या डेंगीरुग्णाच्या बाबतीत प्रतिबंधक प्लेटलेटचा विचार दहा हजारांखालीच करतात.

आता तिसरा प्रश्न. तो एका रुग्णाच्या आधारे पाहू. ही रुग्ण कोणी एक खरी व्यक्ती नाही. अशा अनेक जणी भेटतात, त्यांच्यावरून ती रचली आहे. वय अडतीस, तीन मुलांची आई, तीव्र मायलॉइड रक्तकर्करोग, केमोथेरपीचा पहिला फेरा नुकताच संपलेला. शरीराचे पृष्ठफळ दीड चौरस मीटर. सकाळी प्लेटलेट सहा हजार. दुपारी एसडीपी, म्हणजे एकाच दात्याकडून यंत्राने काढलेल्या प्लेटलेट, लावली. चांगल्या एसडीपीत निदान तीनशे अब्ज प्लेटलेट असतात. साध्या रक्तदानातून वेगळी केलेली आरडीपी असती, तर तेवढ्याला सहा-सात पिशव्या लागल्या असत्या. दुसऱ्या दिवशी सकाळचा अहवाल आला: आठ हजार. वॉर्डात निष्कर्ष निघाला की पिशवी ‘लागली नाही’, आणि नवऱ्याला आणखी दोन दाते आणायला सांगितले गेले.

इथे थांबायला हवे. सकाळच्या आकड्यावरून प्लेटलेट कधी गेल्या हे कळत नाही. त्या शरीरात शिरताच नष्ट झाल्या असतील, किंवा तासभर छान फिरून मग रात्रभरात खर्ची पडल्या असतील. ही दोन अगदी वेगळी दुखणी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. ती वेगळी ओळखायची युक्ती इतकी साधी आहे की ती वापरली जात नाही याचे नवल वाटते. पिशवी संपल्यावर दहा मिनिटे ते एक तास या वेळात रक्ताचा एक नमुना घ्यायचा. सिस्टरने पिशवी काढतानाच नळी भरून ठेवली तरी चालते.

पुढची पिशवी लावताना तसे केले. आधी सात हजार, तासाभराने दहा हजार. वाढ तीन हजार. हा आकडा एकटा पुरेसा नाही, कारण तीच पिशवी लहान मुलाला दिली तर वाढ जास्त दिसेल आणि आडव्या बांध्याच्या माणसाला दिली तर कमी. म्हणून वाढीला पृष्ठफळाने गुणतात आणि पिशवीतील प्लेटलेटच्या संख्येने, शंभर अब्जांच्या एककात, भागतात. तीन हजार गुणिले दीड, भागिले तीन: दीड हजार. याला सुधारित वाढ म्हणू. डॉक्टर ‘सीसीआय’ म्हणतात. तासाभराची सुधारित वाढ निदान साडेसात हजार असावी लागते. म्हणजे या बाईंची संख्या पंधरा हजारांनी तरी वाढायला हवी होती. एका पिशवीवरून ठरवायचे नाही, कारण पिशवीच जुनी असू शकते. प्लेटलेट वीस ते चोवीस अंश तापमानाला सतत हलत्या ठेवून पाच दिवस टिकवतात, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी त्या दमलेल्या असतात. म्हणून तिसरी पिशवी ताजी आणि बाईंच्याच रक्तगटाची मागवली. आधी पाच हजार, नंतर नऊ हजार. सुधारित वाढ दोन हजार. लागोपाठ दोनदा अपयश आले म्हणजे याला आता ‘प्लेटलेटला दाद न देणे’ म्हणता येईल.

शेजारच्या खाटेवर त्याच बांध्याची दुसरी रुग्ण आहे असे समजू. तिला चाळीस अंशांच्या आसपास ताप, रक्तात जंतुसंसर्ग, अँफोटेरिसिन चालू. तिची संख्या पिशवीआधी आठ हजार, तासाभराने बत्तीस हजार, दुसऱ्या सकाळी अकरा हजार. तासाभराची सुधारित वाढ बारा हजार, म्हणजे उत्तम. दाता बदलून, एचएलए जुळवून हिला काही मिळणार नाही. तिच्या प्लेटलेट तापात आणि संसर्गात खर्च होत आहेत. संसर्ग आटोक्यात आला की त्या टिकतील. दाद न देणाऱ्या रुग्णांत अशांचीच संख्या मोठी असते. ताप, जंतुसंसर्ग, रक्तवाहिन्यांत सर्वत्र गुठळ्या होणे, चालू रक्तस्राव, काही औषधे आणि वाढलेली पाणथरी ही नेहमीची कारणे. पाणथरी जरा फसवी आहे. निरोगी माणसातही एक तृतीयांश प्लेटलेट तिच्यात मुक्कामाला असतात. ती फुगली की तासाभराचा आकडाही खाली येतो आणि चित्र पहिल्या रुग्णासारखे दिसू लागते. म्हणून प्रयोगशाळेला फोन करण्याआधी पोटावर हात ठेवून पाहावे.

पहिल्या बाईंना ताप नव्हता, पाणथरी हाताला लागत नव्हती. तासाभरातच प्लेटलेट गायब होतात आणि रुग्ण तीन मुलांची आई आहे, या दोन गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतात. प्लेटलेटच्या पृष्ठभागावर रक्तगटाच्या खुणा असतात तशा एचएलए जातीच्याही असतात, विशेषतः ए आणि बी गटांच्या. गरोदरपणात बाळाच्या, वडिलांकडून आलेल्या एचएलए खुणांशी आईच्या प्रतिकारशक्तीची ओळख होते आणि काही स्त्रियांत त्यांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. मग वर्षांनंतर केमोथेरपीच्या वेळी दात्याच्या प्लेटलेटवर त्याच खुणा दिसल्या की जुनी ओळख जागी होते.

दुसरी वाट रक्तसंक्रमणाची. पिशवीतील प्लेटलेटपेक्षा तिच्यात चुकून आलेल्या पांढऱ्या पेशी यात अधिक दोषी आहेत. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी ‘ट्रॅप’ चाचणीत हे स्पष्ट झाले. पांढऱ्या पेशी न काढता प्लेटलेट दिलेल्यांपैकी ४५ टक्के रुग्णांत अशी प्रतिपिंडे तयार झाली. पेशी गाळून किंवा अतिनील किरणांनी निष्प्रभ करून दिल्या तेव्हा १७ ते २१ टक्क्यांत. त्याच चाचणीतली एक गोष्ट आपल्याकडे फारशी पोचलेली नाही. गाळलेली एसडीपी आणि गाळून एकत्र केलेल्या आरडीपी यांत या बाबतीत फरक पडला नाही. एसडीपी महाग, म्हणून ती वरचढ, असे नातेवाइकांना वाटते. प्रतिपिंडे टाळायची असतील तर गाळणी झाली आहे का हे विचारणे जास्त कामाचे.

बाईंचा नमुना एचएलए प्रतिपिंडांच्या तपासणीला गेला आणि ती सापडली. पुढे दोन मार्ग असतात. एक, रक्तपेढीत उपलब्ध असलेल्या पिशव्यांशी रुग्णाचा रक्तद्रव जुळवून पाहायचा आणि न बिनसणारी पिशवी निवडायची. हे काही तासांत होते. पण प्रतिपिंडे अनेक खुणांविरुद्ध असतील तर वीसातली एखादीच जुळते. दुसरा, प्रतिपिंडे नेमकी कोणत्या खुणांविरुद्ध आहेत हे ओळखून त्या खुणा नसलेला दाता शोधायचा. त्यासाठी एचएलए तपासलेल्या दात्यांची यादी हाताशी लागते आणि आपल्याकडे ती फार थोड्या केंद्रांकडे आहे.

अशा वेळी भाऊ-बहीण पुढे येतात. सख्ख्या भावंडाचे एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते, आणि जुळले तर प्लेटलेट लागतातही छान. तरीही दोन गोष्टी पाहाव्या लागतात. बाईंना पुढे मज्जारोपण करायचे ठरत असेल, तर जो भाऊ मज्जा देणार त्याच्या प्लेटलेट आधी देऊ नयेत. बाईंचे शरीर त्याच्याविरुद्ध तयार झाले तर रोपणच धोक्यात येते. आणि एचएलए जुळलेली किंवा नातेवाइकाची पिशवी विकिरण केल्याशिवाय लावायची नाही. जुळणाऱ्या दात्याच्या पांढऱ्या पेशींना रुग्णाचे शरीर परके मानत नाही. त्या तिथे रुजून रुग्णावरच हल्ला करू शकतात, आणि त्यातून वाचणे जवळजवळ अशक्य असते. गाळणीने हा धोका पुरेसा जात नाही, त्याला विकिरणच हवे.

जुळणारी पिशवी मिळेपर्यंत रोज सकाळी न जुळणारी पिशवी लावत राहणे हे आपल्या वॉर्डांतले सगळ्यात खर्चिक निरर्थक काम आहे. आकडा वाढत नाही, रुग्णाला थंडी-ताप येतो, आणि घरच्यांची दात्यांची ओळख-पाळख संपून जाते. रक्तस्राव नसेल तर थांबावे आणि जुळणारी पिशवी शोधावी. रक्तस्राव सुरूच झाला, तर मिळेल त्या पिशव्या वारंवार द्याव्या लागतात; त्या वेळी आकड्याकडे न पाहता रक्त थांबते का ते पाहायचे.

बाईंना जुळवून निवडलेली पहिली पिशवी मिळाली तेव्हा संख्या सहा हजारांवरून तासाभराने एकतीस हजारांवर गेली. सुधारित वाढ साडेबारा हजार. पण मज्जा सावरायला अजून दोन आठवडे होते आणि दर दोन-तीन दिवसांनी पिशवी लागणार होती. आपल्या नियमांनुसार एक दाता आठवड्यातून दोनदाच प्लेटलेट देऊ शकतो, आणि त्याची स्वतःची संख्या दीड लाखांवर असावी लागते. म्हणून जुळणारे दाते तीन-चार तरी हवेत. शिवाय प्रतिपिंडे कायम तशीच राहतील असे नाही. काही रुग्णांत ती कालांतराने विरतात, तर काहींत नवी खूण त्यांच्या यादीत येते. चांगली लागणारी पिशवी एकाएकी लागेनाशी झाली तर आधी ताप बघावा, आणि ताप नसेल तर तपासणी पुन्हा करावी. केमोथेरपीचा दुसरा फेरा सुरू होण्यापूर्वी तर ती करावीच, कारण पहिल्या फेऱ्यातली दात्यांची यादी तेव्हा उपयोगी पडेल की नाही हे तपासणीशिवाय सांगता येत नाही.